‘व्हायटल्स स्टेबल’ म्हणजे नक्की काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अपघात झाला की रुग्णवाहिका किती मिनिटांत पोचली, यावर वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहिलं जातं. ती पोचल्यावर रुग्णालयाच्या दारात तिच्यातल्या डॉक्टरांच्या नोंदींचा जो कागद हातात पडतो, त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. महामार्गालगतच्या एका उपजिल्हा रुग्णालयात मी बरीच वर्षं कॅज्युअल्टी सांभाळली. त्या कागदाने मला एकदा चांगलंच फसवलं. खरं तर, मी फसलो.

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास विशीतला एक मोटारसायकलस्वार आणला. सोबतच्या कागदावर एकच ओळ होती: आरटीए, व्हायटल्स स्टेबल, सलाईन दिले. म्हणजे रस्त्यावरचा अपघात, नाडी-रक्तदाब वगैरे ठीक. दारातच मोजलेला रक्तदाब ११२/८०. मुलगा बोलत होता, डावा हात मोडलेला दिसत होता. मी त्याला एक्स-रेसाठी रांगेत ठेवला. वीसेक मिनिटांनी सिस्टरांनी हाक मारली. त्याला घाम फुटला होता, तो सारखं पाणी मागत होता आणि रक्तदाब ७८ वर आला होता. सोनोग्राफीत पोटात रक्त दिसलं. प्लीहा फाटली होती. रक्त देऊन शस्त्रक्रिया झाली, तो वाचला.

रात्री मी रुग्णवाहिकेवरच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तीन वेळा मोजमाप केलं होतं. ६ वाजून ५५ मिनिटांनी नाडी ९६, रक्तदाब ११८/७६. ७.१० ला नाडी ११६, रक्तदाब १०८/८०. ७.२० ला नाडी १३२, रक्तदाब ९४/७०. मग अर्धा लिटर सलाईन, आणि त्यानंतर आमच्या दारातला तो ११२. हे आकडे त्यांनी धावत्या गाडीत हातमोज्यावर पेनने लिहिले होते. हातमोजा अर्थातच कचऱ्याच्या लाल पिशवीत गेला.

हे आकडे एकाखाली एक मांडले की वेगळं काही सांगावंच लागत नाही. तरुण शरीर रक्त गमावताना आधी नाडी वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतं आणि वरचा रक्तदाब बराच वेळ टिकवून धरतं. म्हणून वरच्या आणि खालच्या आकड्यातलं अंतर आधी कमी होतं: इथे ४२, मग २८, मग २४. नाडीला वरच्या रक्तदाबाने भागलं तर ०.८ चे १.४ झाले होते. हा भागाकार १ च्या पुढे गेला की मोठा रक्तस्राव गृहीत धरून पुढची धावपळ करायची असते. दारातला ११२ हा सलाईनने तात्पुरता उचललेला आकडा होता. सलाईन किती आणि कधी दिलं, हे लिहिलेलं नसल्याने मला तो मुलाचा स्वतःचा वाटला.

उलटही घडतं. नाडी मंदावणारी बीटा-ब्लॉकर गोळी घेणाऱ्या आजोबांची नाडी रक्त जात असतानाही फारशी वाढत नाही. एरवी १६० रक्तदाब असणाऱ्याला १२० हा कमीच. म्हणून रोजच्या गोळ्यांची नोंदही आकड्यांशेजारी हवी.

आता ‘आरटीए’. रस्त्यावर अपघात झाला, एवढंच त्यातून कळतं, आणि ते तर गाडीच्या दिव्यावरूनही कळतं. ‘हँडलचं टोक डाव्या बरगड्यांखाली बसलं, हेल्मेट होतं, फेकला गेला नाही’ असं लिहिलं असतं, तर माझा हात मोडक्या हाताकडे जाण्याआधी पोटाकडे गेला असता. गाडीवरच्या डॉक्टरांनी वाकलेलं हँडल पाहिलं होतं. ती जागा मी कधीच पाहणार नव्हतो.

उपचारांपुढे ते कधी दिले हे लिहिलेलं नसलं तरीही घोटाळा होतो. रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड अपघातापासून ३ तासांच्या आत सुरू करायचं असतं. पहिला १ ग्रॅम सुमारे १० मिनिटांत, दुसरा ८ तासांत. पहिला डोस गाडीत दिला की नाही हे कळलं नाही, तर आम्ही तो पुन्हा देतो किंवा देतच नाही. गुंगी आणणारं वेदनाशामक दिलं असेल, तर त्याआधी रुग्ण किती शुद्धीवर होता हे लिहायला हवं. नाहीतर ती गुंगी औषधाची की डोक्यातल्या रक्ताची, यावर आम्ही वाद घालत बसतो.

दोष एकट्या गाडीवाल्यांचा नाही. १०८ चे डॉक्टर बोलायला लागले की आमच्याकडचे चौघे स्ट्रेचर ओढत असतात आणि त्या डॉक्टरांना पुढचा कॉल आलेला असतो. श्वास अडलेला नसेल, रक्ताची धार नसेल, छातीवर दाब देणं चालू नसेल, तर अर्धा मिनिट कुणी रुग्णाला हात लावू नये आणि एकाने ऐकून लिहून घ्यावं.

छापील नोंदपत्रात रक्तदाबासाठी एकच चौकोन असेल, तर तिथे निदान तीन ओळी कराव्यात, प्रत्येकीपुढे वेळेचा रकाना ठेवावा आणि सलाईन कुठल्या ओळीनंतर लावलं, तिथे आडवी रेघ मारावी. आमच्याकडे तोवर पांढरी चिकटपट्टी चालायची. डॉक्टर ती रुग्णाच्या मांडीवर लावून तिच्यावरच आकडे लिहीत. रुग्ण पुढे हलवला तरी ती त्याच्याबरोबर जाई.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी, पश्चिम महाराष्ट्र