गाठ गेली, मुलगी मात्र 'आळशी' ठरली

मा. संपादक,
स. न.

मेंदूतील गाठीवर मात करून शाळेत परतलेल्या मुलाची बातमी आपण काल ठळकपणे छापली, याचा आनंदच वाटला. परंतु 'आता तो पूर्ण बरा आहे' असे म्हणून ती संपवलीत, ते वाचून राहवले नाही.

माझ्या मुलीलाही मेड्युलोब्लास्टोमा हा लहान मेंदूचा कॅन्सरच झाला होता. सहाव्या वर्षी लहान मेंदूतील गाठ शस्त्रक्रियेने काढली. या गाठीच्या पेशी मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातून पसरू शकतात, म्हणून गाठ पूर्ण निघाली तरी सगळा मेंदू आणि पाठीचा कणा यांना किरणोपचार द्यावे लागतात. तिला तेथे २३.४ ग्रे आणि गाठीच्या जागी एकूण ५४ ग्रे इतकी मात्रा मिळाली. कमी मात्रेत भागणार नाही का, असे आम्ही विचारले होते. लहान मुलांना १८ ग्रे देऊन पाहिले तेव्हा आजार उलटण्याचे प्रमाण वाढले, असे डॉक्टरांनी समजावले आणि आम्हाला ते पटले. त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती पुढची. पहिली दोन वर्षे ती वर्गाबरोबर होती; चौथीपासून मागे पडू लागली. किरणांमुळे मेंदूतील संदेश वाहणाऱ्या तंतूंची वाढ खुंटते. शिकलेले सहसा पुसले जात नाही, पण नवे आत्मसात करण्याचा वेग मंदावतो. सोबतची मुले पुढे जात राहतात आणि अंतर दरवर्षी वाढते. म्हणूनच घरी पाठ म्हणून दाखवणारी मुलगी वर्गात फळ्यावरचे निम्मे उतरवते तोच फळा पुसला जातो. त्यात सिस्प्लॅटिन या औषधाने उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे झाले, त्यामुळे श्रुतलेखनात 'स' आणि 'श' सुटतात. शाळेने मात्र प्रगतिपुस्तकावर शेरा दिला : 'हुशार आहे, पण आळशी'. जी मुलगी अर्ध्या पानासाठी घाम गाळते, तिला आळशी म्हणायला हात कसा धजावला?

परीक्षेत जादा वेळ मागितला, तर 'हिला कॅन्सर झाला होता, अध्ययन अक्षमता नव्हे' असे सांगून अर्ज परत केला. मेंदूवरील उपचारांनी शिकणे अवघड झालेले मूल कोणत्या रकान्यात बसते, हे आम्हाला आजतागायत कोणी सांगितलेले नाही.

आपल्या वार्ताहराने त्या मुलाच्या आईवडिलांना एवढे अवश्य कळवावे : आज गुण चांगले असले तरी बुद्धी, लक्ष आणि कामाचा वेग यांची मानसशास्त्रज्ञांकडून तपासणी आताच करून घ्या आणि ती ठरावीक काळाने पुन्हा करा, म्हणजे घसरण आकड्यांत दिसेल. श्रवणचाचणीही करा. दोन्ही अहवाल शाळेला लेखी द्या, पोच घ्या, आणि फळ्यावरच्या मजकुराची छापील प्रत मागा.

आपली,
एक पालक, डिचोली