शेवटच्या ऱ्हस्व वेलांटीसाठी

प्रिय वसंता,

दिवाळीनंतर तुला पत्र नाही, त्याचा राग तू केव्हाच विसरला असशील. तब्येत ठीक, गुडघे कुरकुरतात, इतकंच. आज लिहितोय कारण हे ऐकून तूच माझ्याइतका चिडशील.

आपल्या नांदेडच्या मंडळींसाठी गुरु नानकांच्या ‘जपुजी’ची देवनागरी पुस्तिका काढतोय, हे तुला फोनवर बोललो होतो. ज्यांना गुरुमुखी अजून अडखळत वाचता येते, त्यांना मूळ पानाशेजारी ठेवता यावी म्हणून. काल मुद्रितं आली. तपासणाऱ्याने आपला शाळेतला नियम लावलाय: शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ! सगळीकडे लाल पेन. ‘हुकमि’ची ‘हुकमी’, ‘लिखि’ची ‘लिखी’, ‘हुकमु’चा ‘हुकमू’. आणि काही ठिकाणी उकार ‘अनावश्यक’ म्हणून उडवलाच.

अरे, त्या सिहारी-औंकडमध्येच, गुरुमुखीतल्या ऱ्हस्व इकार-उकाराच्या खुणांतच, विभक्ती आहे! आजच्या पंजाबीत ‘दा’, ‘नूं’, ‘विच’ जे काम करतात, ते गुरुबाणीत बऱ्याचदा एवढीशी मात्रा करते. दुसरी पउडी, म्हणजे दुसरं कडवं, डोळ्यांसमोर आण. ‘हुकमी होवनि आकार हुकमु न कहिआ जाई’. ‘हुकमु’ला औंकड आहे, म्हणजे पुल्लिंगी, एकवचनी, प्रथमा: हुकूम सांगता येत नाही. ‘आकार’ला औंकड नाही, कारण तो अनेकवचनी: आकार होतात. ‘होवनि’ त्याचीच साक्ष देतं. शेवटचा ‘नि’ तृतीय पुरुषी अनेकवचनाचा. पुढच्याच ओळीत ‘हुकमि मिलै वडिआई’ आहे. तिथे मोठेपण एकच, म्हणून क्रियापद ‘मिलै’. शब्दाच्या शेवटाकडे बघितलं की कोण करतंय आणि कितीजण, हे कळतं.

आता ती ओळ बघ, जिच्यासाठी मी रात्री झोपलो नाही: ‘हुकमि लिखि दुख सुख पाईअहि’. ‘हुकमि’ म्हणजे हुकमाने. ‘लिखि’ म्हणजे लिहून, लिहिल्याप्रमाणे. धातूला लागलेली सिहारी आपल्या ‘ऊन’चं काम करते. ‘पाईअहि’ कर्मणी अनेकवचन: दुःख-सुखं मिळतात. त्याची ‘लिखी’ केली की ते स्त्रीलिंगी भूतकृदंत होतं, ‘लिहिलेली’. कोण लिहिलेली? ओळीत स्त्रीलिंगी काहीच नाही. वाचणारा बिचारा ती शोधत बसणार.

आणि मग ‘हुकमै अंदरि सभु को, बाहरि हुकम न कोइ’. ‘अंदरि’ शब्दयोगी, म्हणून आधी ‘हुकमै’, सामान्यरूपच म्हण ना. पण ‘बाहरि’ नामाच्या आधी आलाय! तरी त्याची सत्ता चालते: ‘हुकम’चं औंकड गळालंय. म्हणून ‘हुकमाबाहेर कोणी नाही’ असाच अर्थ लागतो. औंकड कधी असावं इतकंच कधी नसावं हेही वाचायचं असतं, हे प्रा. साहिब सिंगांच्या ‘गुरबाणी विआकरण’ने आपल्याला शिकवलं. ‘नानकु’ कर्ता, ‘नानक’ बहुधा संबोधन, ‘नानकि’ म्हणजे नानकाने. लाल पेनवाल्याने तिघांना एक करून टाकलंय.

तू म्हणशील, त्याला दोष कशाला? पाठ करताना या शेवटच्या मात्रा सहसा उच्चारत नाहीत. कानावर ‘हुकम’च पडतं, कानाने लिहिणारा तेच लिहिणार. खरंय. पण ज्ञानेश्वरीवरून तू माझ्याशी कसा भांडला होतास! ‘देवा तूंचि गणेशु’ मधला उकार यमकासाठी आहे, असं मी म्हणालो तर तू दोन दिवस बोलला नाहीस. तोच उकार हा. तुझ्या ‘मनीं’, ‘घरीं’सारखाच ‘मनि’, ‘घरि’. नामदेवांची 61 पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत म्हणून आपण ही लिपी गिरवली, आणि तिथे आपलीच जुनी प्रथमा भेटली, तेव्हा तू उड्या मारल्या होत्यास. तुझ्या सुमीने तेव्हा ‘बाबांना काय झालं’ म्हणून विचारलं होतं.

नियम आंधळेपणाने लावू नये, हेही प्रस्तावनेत घालायचंय. ‘हरि’ची सिहारी मुळातली, तिथे ‘हरीमध्ये’ असा अर्थ काढायचा नाही. ‘वसतु’ स्त्रीलिंगी असूनही औंकड बाळगून आहे. आणि ‘सुणि’ कुठे ‘ऐकून’, कुठे ‘ऐक’, ते संदर्भावरूनच ठरतं.

सुमीचं बाळ कसं आहे? तुझ्या गच्चीच्या गळतीचं काय झालं? वहिनींना नमस्कार.

मुद्रितं या पत्राबरोबरच पाठवतोय. पहिल्या पाच पउड्या तू मुळाशी ताडून बघ, पुढच्या मी बघतो. खूण करताना हिरवी शाई वापर, लाल आता कळणारच नाही.

तुझा,
दिगू