चामखिळीवर चुना-पापडखार लावू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘घरचा वैद्य’ या चौकटीत हाताच्या चामखिळीवर पानाचा चुना आणि पापडखार कालवून लावावा, असा उपाय छापून आला. मी चोपड्यात औषधांचे दुकान चालवते. त्या चौकटीचे कात्रण हातात घेऊन माणसे दुकानात यायला लागली आहेत, म्हणून हे पत्र लिहायला घेतले. हा उपाय आपल्या खान्देशात जुना आहे आणि त्याने चामखीळ कधीकधी जातेही. पण ती कशाने जाते आणि तिच्याबरोबर काय जाते, हे वाचकांना कळायला हवे.

चुना आणि पापडखार ओले करून एकत्र केले की त्यातून कॉस्टिक सोडा तयार होतो. साबण बनवायला वापरतात तोच. तो कातडी विरघळवत आत उतरतो आणि आग जाणवेपर्यंत बरेच काम झालेले असते. गेल्या वेचणीच्या हंगामात कापूस वेचणारी एक बाई माझ्याकडे आली. तिच्या उजव्या तर्जनीवर, नखाच्या बाजूला, ज्वारीच्या दाण्याएवढी खरखरीत चामखीळ होती. बोंडांची टोके टोचून बोटांना बारीक चिरा पडतातच आणि चामखीळ करणारा विषाणू अशाच चिरांतून शिरतो. तिने रात्री चुना-पापडखाराचा ठिपका लावून वर चिंधी बांधली आणि झोपून गेली. सकाळी तिथे काळा खड्डा होता. जखम भरायला महिना गेला, ऐन वेचणीत हात बसला. जखम भरल्यावर व्रणाच्या कडेने बारीक चामखिळींचे कडे उठले. म्हणजे कातडी जळाली, पण कडेचा विषाणू तसाच राहिला.

लोकांना वाटते, चामखिळीला मूळ असते आणि ते खणून काढल्याशिवाय ती जात नाही. तसे मूळ नसतेच. एचपीव्ही नावाचा हा विषाणू कातडीच्या अगदी वरच्या थरात राहतो आणि तो थर जाड करत नेतो. वरचा टणक भाग खरवडला की काळे ठिपके दिसतात. त्यालाच लोक मूळ म्हणतात, पण त्या रक्त गोठलेल्या बारीक वाहिन्या असतात. त्यापेक्षा खोल जाळून काही मिळत नाही, फक्त व्रण पडतो. बिब्ब्याचे तेल तर याहून वाईट. त्याने नुसते भाजत नाही, काहींच्या अख्ख्या हातावर पाणी भरलेले फोड उठतात. बोटावरची चामखीळ बैठ्या बुडाची असल्याने घोड्याच्या शेपटीचा केस तिला बांधताच येत नाही. ब्लेडने कापले तर विषाणू शेजारच्या कातडीत पसरू शकतो. केळीच्या सालीने इजा होत नाही, पण तिने चामखीळ जाते असा भरवशाचा पुरावाही नाही.

मग गावोगावी ‘आमची याच्याने गेली’ असे सांगणारे भेटतात ते का? लहान मुलांच्या निम्म्याअधिक चामखिळी एक-दोन वर्षांत आपोआप जातात. शरीर त्या विषाणूला ओळखते आणि त्याला हाकलून देते. त्या सुमारास जो उपाय चालू असतो त्याला श्रेय मिळते. म्हणून मूल तक्रार करत नसेल, चामखीळ दुखत नसेल, तर काहीही न करणे हाही खरा उपाय आहे. फक्त नखे कुरतडू देऊ नयेत, नाहीतर ती नखांच्या कडेने आणि ओठांवर पसरते.

घरी करण्यासारखा आणि चाचण्यांत खरा ठरलेला उपाय एकच सांगते. तो म्हणजे सॅलिसिलिक ॲसिडचा द्राव. मेडिकलमध्ये छोट्या बाटलीत मिळतो. त्यात साधारण 17 टक्के सॅलिसिलिक आणि तेवढेच लॅक्टिक ॲसिड असते. तो जाळत नाही, जाड झालेला थर हळूहळू सुटा करतो. तोही सगळ्यांना लागू पडत नाही, हे मान्य. पण ‘लावला, काही झाले नाही’ म्हणणाऱ्यांना मी विचारते तेव्हा बहुतेकांनी तो कोरड्या, टणक चामखिळीवर नुसता फासलेला असतो आणि पंधरा दिवसांत सोडून दिलेला असतो.

त्याच बाईला जखम पुरती भरल्यावर मी हे नीट करून दाखवले. रात्री काम आटोपले की बोट सोसवेल इतक्या कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे बुडवायचे. वरचा भाग पांढरा, मऊ झाला की काचपेपरच्या छोट्या तुकड्याने हलके घासायचे, रक्त येईपर्यंत नाही. तो तुकडा लगेच टाकून द्यायचा, त्याने दुसरे बोट घासायचे नाही. बोट पुसून कोरडे करायचे आणि चामखिळीभोवतीच्या चांगल्या कातडीला व्हॅसलिन लावायचे. मग काडीच्या टोकाने द्रावाचा थेंब फक्त चामखिळीवर ठेवायचा. तो वाळून पांढरी पापडी धरली की वर चिकटपट्टी लावायची, म्हणजे औषध आत मुरते. दुसऱ्या रात्री पापडी काढून पुन्हा तेच. असे बारा आठवडे धरून चालायचे. द्राव पेट घेतो, म्हणून चुलीजवळ किंवा दिव्याजवळ बाटली उघडायची नाही, आणि झाकण घट्ट लावायचे, नाहीतर तो घट्ट होतो.

मध्ये एकदा तिचे बोट लाल होऊन चुणचुणू लागले. दोन-तीन दिवस औषध थांबवले, मग पुन्हा सुरू केले. चामखीळ सपाट झाली की लोक थांबतात, तीही थांबणार होती. पण खरी खूण वेगळी आहे. काळे ठिपके जायला हवेत आणि आधार कार्डाला अंगठा देताना उमटतात तशा कातडीच्या रेषा त्या जागेवरून पुन्हा सलग जायला हव्यात. चामखीळ असेपर्यंत रेषा तिला वळसा घालून जातात. तिच्या बोटावर त्या तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस दिसल्या.

हा द्राव चेहऱ्यावर, जननेंद्रियावर, तिळावर किंवा मानेवरच्या लोंबत्या मसांवर लावू नये. मधुमेह असेल किंवा हातापायांना बधिरपणा असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. म्हातारपणी नव्याने उठलेली, भराभर वाढणारी किंवा रक्त येणारी गाठ चामखीळ समजून घरी घासत बसू नये, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी. बारा आठवड्यांत फरक नसेल तर ते द्रव नायट्रोजनने गोठवण्याचा पर्याय देतात.

पुढच्या रविवारी त्याच चौकटीत, त्याच जागी, चुना-पापडखाराचा उपाय मागे घेतल्याचे छापावे, अशी विनंती आहे. सोबत एवढे जरूर लिहावे की ज्यांनी तो आधीच लावला असेल त्यांनी लिंबू किंवा व्हिनेगर न चोळता जागा लगेच वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटे धरावी आणि मग दवाखाना गाठावा.

आपली,
एक औषधविक्रेती
चोपडा, जि. जळगाव