बुडालेले आंबे

शारजा, 20 एप्रिल

ती. आजोबांना साष्टांग नमस्कार.

काल इथल्या दुकानात एका गिऱ्हाइकाने हापूसची पेटी घेतली आणि तिथेच एक फळ कापलं. वरून रंग, वास अस्सल. आत बाठ्याभोवती पांढरट, भुसभुशीत साका. मला आपला गेल्या मेमधला वाद आठवला. तेव्हा मी उद्धट बोललो, ते मनाला लागून राहिलंय.

पडवीत 2400 आंबे होते. दहा लिटर पाण्यात पाव किलो मीठ विरघळवून तुम्ही एकेक हिरवं फळ त्यात सोडत होतात. तरंगलं की गोड्या पाण्याने धुऊन पेटीकडे, बुडालं की बाजूला. 360 बुडाले. साठ फळांची पेटी धरली तर सहा पेट्या.

मी म्हटलं, "आजोबा, पेटीला अडीच हजार मिळतात. पंधरा हजार घालवताय."

"कॅनिंगवालो घेतलो."

"तीस रुपये किलोने! नव्वद किलोचे सत्तावीसशे. बारा हजार तीनशेचा खड्डा. आणि बुडालेल्या प्रत्येक फळात साका असतोच असं थोडंच आहे?"

तुम्ही काही बोलला नाहीत. बुडालेल्यांतले बारा आढीत घातलेत आणि मी निघायच्या आदल्या दिवशी माझ्यासमोर कापलेत. पाचांत साका, सात चांगले.

"बघा," मी म्हटलं, "सात फळं फुकट गेली."

"ते सात खंयचे, तां तुका भायरसून दिसता?"

"नाही. पण गिऱ्हाइकालाही दिसत नाही."

"म्हणानच. कॅनिंगवालो फळ कापता, त्याका साको दिसता. जो बघून घेता, त्याका विकूचा."

मी वाशीच्या घाऊक बाजाराचं काढलं. तिथे पेटी गेली की बाग कुणाची, हे खाणाऱ्याला कळतही नाही. त्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "तोटो जाता, तां खरां."

तेव्हा मला वाटलं, मी जिंकलो. काल त्या माणसाने पेटी परत केली आणि पुन्हा हापूस घेणार नाही म्हणून निघून गेला. त्याचा राग कुठल्याच बागायतदारापर्यंत पोचणार नाही, तो सगळ्या हापूसवर निघाला. हे मला पडवीत बसून दिसलं नव्हतं.

तरी बारा हजार तीनशे लहान रक्कम नाही, फवारणीचं देणं होतं त्या वर्षी. म्हणून एक विनंती. फळ फार जून होऊ देऊ नका, 85 टक्के तयार झालं की उतरवा. जून फळात आणि तापल्या जमिनीवर साका वाढतो. झाडांखाली गवत पसरा, उतरवलेलं फळ लगेच सावलीत न्या. बुडणारे कमी झाले की खड्डाही लहान होईल.

मिठाचं पाणी मात्र सोडू नका. यंदा किती बुडाले, ते आईला फोनवर सांगायला सांगा.

तुमचा नातू