सरांना पाठवलेला तो मेसेज

कळवा, 14 जून

प्रिय पक्या,

सहा महिने पत्र नाही, फोन नाही, यावर तू काय काय म्हणाला असशील ते मला इथे बसून ऐकू येतंय. सगळं मान्य. घरचे सगळे ठीक आहेत. आईचा गुडघा आहे तसाच, माझी शुगर आटोक्यात. पत्र लिहितोय ते मात्र एका गोष्टीसाठी. ती दुसऱ्या कुणाला सांगितली तर तो म्हणेल, ‘त्यात काय एवढं, माग की पैसे.’ तू तसं म्हणणार नाहीस.

सरांचं ऐरोलीचं घर मी घेतोय. हो, तेच रो हाऊस. जिन्याखाली आपल्या चपलांचा ढीग पडायचा आणि तू दर गुरुवारी दुसऱ्याची चप्पल घालून जायचास, ते. सर आता मुलाकडे पुण्याला असतात. बाई गेल्यावर त्यांनी ते घर भाड्याने दिलं होतं. विकायचं ठरल्यावर त्यांनी एजंटाला सांगितलं, ‘आधी माझ्या मुलांना विचार.’ मुलं म्हणजे आपण, पक्या. 84 लाख ठरले. त्यातले 60 लाख बँकेचे, बाकी माझे. टोकनचे दोन लाख दिले, सिडकोच्या हस्तांतरणाचे कागद मार्गी लागले, वकिलाचा सर्च रिपोर्ट स्वच्छ आला. पुढच्या गुरुवारी रजिस्ट्रेशन आहे.

मागच्या रविवारी हिला घर दाखवायला नेलं. उकाडा म्हणजे नुसता घाम. मी पंख्याचं बटण दाबलं, पंखा ढिम्म. एजंट म्हणाला, ‘बंद घर आहे ना, मेन स्विच पाडून ठेवलाय.’ मी मीटरपाशी गेलो. मेन स्विच वर होता, आणि मीटरची काच काळी. आकडा नाही, लुकलुकणारा लाल दिवा नाही, काही नाही. घरातला स्विच पाडला तरी मीटरला वीज असतेच, त्याचे आकडे दिसतच राहतात. काच काळी म्हणजे मीटरपर्यंत वीजच येत नाही. तेवढ्यात हिने दारामागे पडलेली टपाल-चिठ्ठ्यांची थप्पी उचलली. त्यात पाण्याची दोन बिलं आणि महापालिकेची एक नोटीस होती, ओलीने एकमेकांना चिकटलेली.

मीटरवरून ग्राहक क्रमांक उतरवून घेतला आणि घरी येऊन महावितरणच्या साईटवर बिल काढलं. थकबाकी 26,480 रुपये. मार्चमध्येच पुरवठा तोडलाय. पाण्याचे 11,460. मिळून 37,940. भाडेकरूने वर्षभर कधी भरलं, कधी नाही, मग हप्ते बांधून घेतले, एक हप्ता भरला आणि घर सोडून गेला. आणि सरांनी त्याचं डिपॉझिट पूर्ण परत दिलं. त्याच्या मुलीची फी भरायची होती म्हणे. हे मला सरांच्या मुलाने सांगितलं. सरांना बाकीचं काही ठाऊकच नव्हतं, बिलं तर बंद दाराआड पडत होती.

तू म्हणशील, वकील काय करत होता? मीही त्याच्यावर तेच ओरडलो. पण तो बरोबर होता. सर्च रिपोर्ट म्हणजे दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले व्यवहार. खरेदी, गहाण, बक्षीसपत्र. वीज आणि पाण्याची थकबाकी त्या दप्तरात येतच नाही. ती ज्याची त्याच्याकडे जाऊनच बघावी लागते. आपण तीस वर्षांची साखळी तपासतो आणि परवाचं बिल बघायचं राहून जातं.

मग एजंटाने मला कायदा शिकवला. म्हणे, ‘मालक बदलला की जुन्या विजेच्या थकबाकीतली जास्तीत जास्त सहा महिन्यांचीच नव्या मालकाकडून घेता येते, नियमच आहे. सोडा ना, नंतर भांडा.’ नियम खरा आहे. वीज नियामक आयोगाच्या 2021 च्या पुरवठा संहितेत आहे, वारस सोडून इतरांना ही मर्यादा आहे. माझ्या हिशेबाने सहा महिन्यांचे साधारण नऊ हजार होतात. पण ती मर्यादा माझ्या आणि महावितरणच्या मधली. त्याने सरांचं देणं पुसलं जात नाही, उरलेले सतरा हजार त्यांच्या नावावर राहतातच. त्यांच्या मागे वसुलीची पत्रं लागलेली मला बघवतील का? आणि मी घरात राहायला जाणार, तर मला जोडणी हवी, बिल माझ्या नावावर हवं. अंधारात बसून अर्ज करत नियम सांगायचा की आधी दिवा लावायचा? पाण्याला तर अशी सहा महिन्यांची सोयही मला कुणी दाखवली नाही.

म्हणजे पैसे सरांकडेच मागायचे. इथे मी अडकलो, पक्या. तीन रात्री अडकलो. तुला गोव्याचे ते अठराशे रुपये आठवत असतील. मी वर्षभर बोललो नव्हतो तुझ्याशी, आणि तू गोखले रोडवर भर गर्दीत मला म्हणाला होतास, ‘तुला हिशोब दिसतो, माणूस दिसत नाही.’ तेव्हा मला राग आला होता. (अठराशे होतेच तुझ्याकडे, ते मी आजही म्हणेन.) पण सरांना लिहायला बसलो की तुझं ते वाक्य समोर येऊन बसायचं. ज्या माणसाने माझी अकरावीची फी कधी मागितली नाही, त्याला मी 37,940 रुपयांचं बिल पाठवायचं?

पहिला मसुदा मी असा लिहिला होता: ‘सर, किंमत चाळीस हजारांनी कमी करावी.’ बरं झालं पाठवला नाही. वकिलाने डोक्याला हात लावला. बँकेने कर्ज 84 लाखांच्या व्यवहारावर मंजूर केलंय, करारात तोच आकडा, मुद्रांक शुल्काचं चलन त्यावरच भरलेलं. किंमत बदलली तर सगळे कागद पुन्हा, गुरुवार गेला हातचा. शिवाय गोल चाळीस हजार म्हणजे घासाघीस वाटते. सरांनी तर आपल्याला उत्तराआधी रीत लिहायला शिकवलं होतं.

वकिलाने सांगितलेला मार्ग साधा आहे. किंमत तीच ठेवायची, आणि सरांना द्यायच्या पैशांतूनच सरांचं देणं फेडायचं. फक्त ते बँकेच्या पैशांतून वळतं करता येत नाही, बँकेचा चेक थेट सरांच्या नावे ठरलेल्या रकमेचाच निघतो. ते माझ्या हिश्श्याच्या शेवटच्या डीडीतून करायचं. म्हणून तो डीडी मी अजून काढलेला नाही. शेवटी जे पाठवलं ते जसंच्या तसं उतरवतो:

‘आदरणीय सर, सा. न. रजिस्ट्रेशनच्या आधी घराची वीज आणि पाण्याची बिलं पाहिली. विजेचे 26,480 आणि पाण्याचे 11,460, असे एकूण 37,940 रुपये थकले आहेत. दोन्ही बिलांचे फोटो सोबत पाठवत आहे. वीजबिलावर आपली 2,150 रुपयांची सुरक्षा ठेव दिसते. आपल्या संमतीने ती माझ्या नावावर वर्ग झाली तर तेवढे मी आपल्याला देणं लागतो. ते वजा जाता 35,790 राहतात. घराची किंमत ठरली तीच राहील. आपली परवानगी असेल तर दोन्ही थकबाक्या मी सोमवारीच आपल्या ग्राहक क्रमांकावर भरतो, पावत्या आपल्याच नावाच्या निघतील, आणि शेवटचा डीडी 35,790 ने कमी काढतो. ही रक्कम आपल्या वतीने भरली आणि ती आपल्याला किमतीपोटी पोचली, अशी ओळ वकील करारात घालतील. ताब्याच्या दिवशी पाण्याच्या आणि विजेच्या मीटरचं रीडिंग आपण दोघं मिळून लिहून घेऊ. तोवरचं जे बिल मागाहून येईल ते आपलं, पुढचं माझं. त्यासाठी पाच हजार माझ्याकडे राहू द्यावेत, बिल आलं की उरलेले त्याच दिवशी परत करीन. पाण्याचं बिल सरासरीने लावलेलं दिसतं. ते कमी करून घ्यायचं असेल तर अर्ज आपल्या सहीने लागेल, मी लिहून आणतो, वॉर्ड ऑफिसात मीच जाईन. सर, हे लिहिताना फार जड गेलं. चुकलं असेल तर कान धरा.’

त्या पाच हजारांवरून हिचं आणि माझं वाजलं. ती म्हणाली, एवढ्याशासाठी सरांना बांधून ठेवतोस? पण पाण्याचं बिल मागून येतं. आज आपण जे भरतो ते गेल्या काही महिन्यांचं असतं, मधलं अजून छापलेलंही नाही. पावती हातात आली की सगळं संपलं असं वाटतं आणि दोन महिन्यांनी जुन्या वापराचं बिल नव्या माणसाच्या दारात पडतं. तेव्हा मी पुण्याला फोन करून साडेतीनशे मागायचे? त्यापेक्षा आत्ताच ठरलेलं बरं. पावत्यांसोबत दोन्हीकडून थकबाकी नसल्याचा दाखलाही घेणार आहे.

रात्री नऊला निळ्या खुणा दिसल्या, मग काहीच नाही. अकरापर्यंत मी गॅलरीत. सकाळी साडेसहाला सरांचा फोन आला. तोच आवाज, थोडा कापरा झालाय. म्हणाले, ‘वाचलं. एक पायरी सुटली आहे तुझी.’ मी गार. म्हणाले, ‘तोडलेली वीज पुन्हा जोडायला शुल्क पडतं. ते कुणी धरायचं? माझ्यामुळे तुटली, माझ्या बाजूला मांड. आणि ठेव मला नको, पण तू हिशोबात धरलीस ते बरोबर आहे, राहू दे. बेरीज नीट करून पुन्हा पाठव.’ मग थोडं थांबले आणि म्हणाले, ‘तो भाडेकरू मुलीची फी म्हणाला होता रे.’ मला काही बोलता आलं नाही. मी नुसतं ‘हो सर’ म्हणालो.

नवी बेरीज पाठवली आहे. त्यांनी खाली फक्त ‘बरोबर’ असं लिहिलंय.

तुझं काय? चिमीचा दहावीचा निकाल बंड्याकडून कळला, तिला शाबासकी सांग, सायन्सच घेऊ दे, तू मध्ये पडू नकोस. दुकानाच्या गाळ्याचं झालं का? वहिनींचा हात बरा असेल. कोल्हापुरात पाऊस लागला असेलच.

गुरुवारी सर स्वतः येणार आहेत. रजिस्ट्रेशनला दोन साक्षीदार लागतात. एक बंड्या. दुसऱ्या जागी मी अजून कुणाचं नाव दिलेलं नाही. सरांना मी सांगितलंय की तू येशील. बुधवारी रात्रीची गाडी धर, मी ठाण्याला घ्यायला येतो. मूळ आधार कार्ड आण, झेरॉक्स चालत नाही.

तुझाच,
बाळ्या