निळ्या झाकणाच्या डब्याची हकिकत

कोथरूड, पुणे
रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार. मी सुखरूप पोहोचल्याचे फोनवर कळवलेच होते. परंतु आई, तू त्याच फोनवर निळ्या झाकणाच्या कुरडयांच्या डब्याविषयी विचारलेस आणि मी "सावकाश सांगते" म्हणून विषय टाळला, त्यामुळे तुझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली असणार. डबा हरवलेला नाही. तो ज्या कारणाने माझ्याकडे नव्हता, ते कारण दोन वाक्यांत मावणारे नव्हते, म्हणून हे पत्र.

बाबा, वर्ध्याच्या फलाटावर तुम्ही एकेक नग दारातून माझ्या हाती देत होतात, तेव्हा आतून सहाजण माझ्याकडे कसे पाहत होते, हे तुम्हाला दिसले नाही ते बरेच झाले. महाराष्ट्र एक्सप्रेस वर्ध्याला येईपर्यंत नागपूरच्या मंडळींनी बाकांखालची जागा व्यापलेली असते, आणि उशिरा चढणाऱ्याने केवळ आसनाच्या क्रमांकावर हक्क सांगावा, सामानाच्या जागेवर सांगू नये, असा त्यांचा अलिखित कायदा असतो. माझा मधला बर्थ. त्याखालच्या बर्थवर सदाशिव पेठेतले एक सत्तरीचे काका, लेकीकडून परत निघालेले. समोरच्या वरच्या बर्थवर नागपूरच्या एक ताई, आणि त्यांच्या शेजारी, जणू एखादे आजारी माणूस निजवावे तसा, दुलईत गुंडाळलेला तंबोरा. समोर खाली साताऱ्याला जाणारे एक शांत जोडपे होते. बाजूच्या दोन बर्थवरची माणसे आपापल्या घोंगडीत होती, त्यांचा या कथेशी संबंध नाही.

माझे सहा नग पाहून काका म्हणाले, "कन्या सासरी निघाली आहे, की वर्ध्याचं दुकान पुण्याला हलवते आहे?"

मी उत्तर दिले, "रुखवत आहे, काका. मांडलं की पहिलं आमंत्रण तुम्हालाच."

ते हसले नाहीत. शयनयान वर्गात माणशी 40 किलो सामान विनामूल्य नेता येते, त्यापुढे 10 किलोंपर्यंत सवलत धरतात आणि त्यानंतर दंड होतो, हा नियम त्यांनी मला शाळामास्तरांच्या थाटात ऐकवला. बाबा, तुमच्या ताणकाट्याला मी नेहमी हसत आले, पण त्या क्षणी तो माझ्या कामी आला. "37 किलो," मी म्हणाले, "वडिलांनी निघताना प्रत्येक नग टांगून पाहिलेला आहे. तुमच्या संत्र्यांच्या दोन पेट्यांचं वजन केलं होतं का?" कारण काकांच्या स्वतःच्या बाकाखाली संत्र्यांच्या दोन पेट्या एकमेकींपासून अंतर राखून, ऐसपैस पसरलेल्या होत्या, आणि तिसरे काहीही तिथे सरकवू पाहिले की ते म्हणत, "फळाला हवा लागावी लागते."

"मग संत्र्यांचंही आरक्षण केलंय का?" असे विचारल्यावर साताऱ्याच्या मावशी पदराआड हसल्या, आणि काकांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. माझे दोन नग मी पायांत घेतले, दोन मांडीवर, आणि कुरडयांचा डबा व पिठाची पिशवी कशीबशी पेट्यांच्या पुढ्यात टेकवून ठेवली. बडनेऱ्यापर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

अकोल्याला खरा पेच आला. पुण्यात राहून लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा लोखंडी पेटी घेऊन चढला. आमच्याच बाजूचा वरचा बर्थ त्याचा. पेटी साधारण चार वीत लांब आणि अडीच वीत रुंद होती, आणि तिला आत जागा नाही म्हणून त्याने ती आडवी न सारता लांबीच्या बाजूने आत खुपसली. बाकाची रुंदी दोन फुटांच्या आतबाहेर असते, त्यामुळे पेटीचा फूटभर भाग सगळ्यांच्या पायांत आला.

"यात पुस्तकं आहेत की आख्खं ग्रंथालय?" काकांनी विचारले.

"काय करू काका, पास होईस्तोवर पेटी संगंच राहते," मुलगा म्हणाला, आणि पेटीला आणखी एक रेटा दिला. त्याबरोबर खालून कर्रर्र असा आवाज आला.

आई, त्या एका आवाजाने तिघांचे काळीज तीन ठिकाणी हलले. काकांना वाटले संत्री चिरडली. ताई वरून जवळजवळ उडी मारूनच खाली आल्या, कारण तंबोऱ्याचा भोपळा तडकतो तेव्हा असाच आवाज होतो म्हणे. तंबोरा वर त्यांच्या डोळ्यांदेखत होता, तरीही. मला मात्र कळून चुकले होते. निळे झाकण पिचले होते आणि वरच्या थरातल्या कुरडयांचा चुरा झाला होता.

"काय आहे त्यात?" काकांनी विचारले.

"कुरडया. गव्हाच्या चिकाच्या."

"मग आधी सांगायचं नाही का! मी समजत होतो पितळेची भांडी आहेत. भांडी असती तर माझ्या संत्र्यांचा लगदा झाला असता, म्हणून मी जागा अडवून धरली." हे त्यांनी इतक्या दुखावलेल्या स्वरात सांगितले की मलाच अपराधी वाटू लागले. मीही त्यांच्या पेट्यांविषयी हट्टीपणापलीकडे काही गृहीत धरले नव्हते. त्या पेट्या नातवाने स्वतः बागेत तोडलेल्या फळांच्या होत्या, हे तेव्हा समजले.

यानंतर काकांनी कारभार हाती घेतला आणि सगळे सामान बाहेर काढायला लावले. त्यांची पद्धत मला तुम्हाला सविस्तर सांगावीशी वाटते, कारण पुढच्या खेपेला बाबांना ती उपयोगी पडेल. बाकाखालची जागा सुमारे सहा फूट लांब; तिघांत वाटली तर माणशी दोन फूट. पण काकांचे म्हणणे असे, की जागा माणसागणिक वाटली की भांडण होते. ती उतरण्याच्या स्थानकाप्रमाणे वाटावी. जो सर्वांत शेवटी उतरणार, त्याचे सामान भिंतीला लागून, आणि जो आधी उतरणार, त्याचे कडेला. आमच्यापैकी ताई मिरजेला उतरणार, म्हणून त्यांची कपड्यांची बॅग सर्वांत आत गेली, सातारकरांची त्यांच्याच बाकाखाली राहिली, आणि आम्हा तिघा पुणेकरांचे सामान पुढे आले. पुणे येते ऐन अपरात्री. त्या वेळी मधले बर्थ उघडलेले असतात, बाकाखाली वाकायला अंतर उरत नाही, आणि दुसऱ्याची झोपमोड केल्याशिवाय मागची बॅग निघत नाही. म्हणून ही मांडामांड रात्री दहाच्या आत, बर्थ उघडण्यापूर्वीच पुरी व्हायला हवी.

पेटी आडवी सारल्यावर ती बाकाच्या रुंदीत नेमकी बसली. ती बसकी होती, त्यामुळे तिच्यावर वीतभर पोकळी राहिली; त्या पोकळीत हलके आणि चुरा होणारे सामान, म्हणजे पापड, सांडगे आणि उरलेल्या कुरडया. पिठाची पिशवी जमिनीवर, पेटीला टेकून, कारण ती दबली तरी बिघडत नाही आणि पेटीला सरकूही देत नाही. संत्र्यांच्या पेट्या कडेला, जिथे वारा लागतो. एवढे करूनही माझा एक नग उरला, तो काकांनी स्वतःच्या उशाला घेतला आणि म्हणाले, "37 किलोंतले हे किती?" शेगावला त्यांनी सर्वांसाठी कचोऱ्या घेतल्या, आणि मला देताना "रुखवतात मांडा" असे म्हणायला विसरले नाहीत.

तंबोऱ्याचा प्रश्न मात्र नियमाने सुटणारा नव्हता. त्याचा भोपळा दीड फुटाच्या आसपास रुंद, त्यामुळे तो बाकाखाली जातच नाही. आणि रात्री ताई निजल्या की त्यांच्या बर्थवर त्याला जागा नाही. मिरजेला त्या जवारी काढून घ्यायला चालल्या होत्या. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा पृष्ठभाग वर्षानुवर्षे तारांनी घासून खाचतो, मग स्वराची ती गुंजणारी आस नाहीशी होते, आणि कारागीर तो पृष्ठभाग कानाने ऐकत ऐकत पुन्हा घासून देतो. काकांनी "एकदा छेडून तरी दाखवा" असा आग्रह धरला, पण प्रवासापूर्वी तारा ढिल्या केलेल्या होत्या. तेव्हा गाणे झाले नाही. सांगायला बरे वाटले असते, पण झाले नाही ते झाले नाही.

शेवटी त्या मुलाने स्वतःचा वरचा बर्थ तंबोऱ्याला दिला. "मले तशीही पुण्यापर्यंत झोप येत नाही," तो म्हणाला.

"तंबोऱ्याला कन्फर्म, आणि मुलगा वेटिंगवर!" काका म्हणाले. मग मी माझा मधला बर्थ उघडलाच नाही, त्यामुळे खालच्या बाकावर तिघांना ताठ बसता आले. काकांनीही निजण्याचा विचार सोडला आणि मनमाड मागे पडल्यापासून पुण्यापर्यंत आम्ही हलक्या आवाजात बोलत बसलो. त्या मुलाची ही तिसरी खेप आहे, आणि सध्याची खोली पेटीपेक्षा फारशी मोठी नाही, हे कळल्यावर काकांनी त्याला आपल्या माडीवरची रिकामी खोली पाहायला बोलावले. भाड्याचा आकडा सांगताना मात्र त्यांच्यातला पुणेकर जागा झाला.

आता डब्याचे. पुण्याला उतरताना मी चुरा झालेल्या कुरडया टाकणार होते, तेव्हा काकांनी मला चक्क दटावले: मोडलेल्या कुरडया भिजवून, कांद्यावर परतून भाजी करतात, एवढेही तुला आईने शिकवले नाही का? (शिकवले होते. पहाटे सुचले नाही.) मी तो डबा तसाच त्यांच्या हाती दिला.

काल संध्याकाळी ते तो डबा घेऊन घरी आले, पेटीवाला मुलगाही बरोबर होता. माडीवरची खोली त्याने घेतली आहे. डबा रिकामा परत करू नये म्हणून त्यात सुनेने केलेल्या तिळाच्या वड्या होत्या, पिचलेल्या झाकणाला आतून चिकटपट्टी लावली होती, आणि वर काकांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी: "डबा परत केला आहे. वड्या मोजून घ्याव्यात. तक्रार चालणार नाही." वड्या एकवीस निघाल्या. मिरजेहून ताईंचा निरोप आला आहे, की तंबोरा पुढच्या महिन्यात याच गाडीने नागपूरला परतेल. त्याला त्या वेळी कोणता बर्थ मिळतो, ते काकांना कळायला हवे आहे.

आई, उन्हाळ्यात चीक घालशील तेव्हा नेहमीपेक्षा दोन किलो जास्त घाल, काकांनी तशी मागणी नोंदवली आहे. त्या 40 किलोंत कशा बसवायच्या, ते बाबा आणि त्यांचा ताणकाटा पाहून घेतील.

तुमची लेक