रविवारची तिन्हीसांज

कुडाळ

चि. बायो,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या रविवारी संध्याकाळी सातला तू रडत फोन केलास आणि तुझ्या आईने लगेच मला नागपूरची तिकिटे पाहायला बसवले. तिकिटे मी काढली नाहीत. त्याचे कारण फोनवर सांगितले असते तर तुला ते कठोर वाटले असते, म्हणून लिहितो आहे.

महिनाभरातले तुझे फोन आठवून पाहिले, तेव्हा लक्षात आले की सकाळी किंवा दुपारी तू एकदाही रडलेली नाहीस. लेक्चर, प्रॅक्टिकल, मेसची रांग यांत मन गुंतलेले असते; ते मोकळे होते तिन्हीसांजेला, आपल्याकडे तुळशीपाशी दिवा लागतो नेमक्या त्या वेळी. त्यातून रविवारी रात्रीची मेस बंद, वर्धा-भंडाऱ्याच्या मुली घरी गेलेल्या आणि मजला रिकामा. तुला नागपूर मानवत नाही असे मला वाटत नाही. आठवड्यातले तेवढे तीन-चार तास मानवत नाहीत, आणि उपायही तेवढ्यापुरताच हवा.

मी मिरजेला वसतिगृहात होतो तेव्हा घरी पोस्टकार्ड टाकत असे. उत्तर यायला आठवडा जाई, आणि आजीने काळजीने लिहिलेले वाचताना आपण इतके कशाने खचलो होतो हेच मला आठवत नसे. भरती आपसूक ओसरलेली असे. तुझ्या हाती फोन असल्यामुळे तू ऐन भरतीत आम्हाला हाक मारतेस, आम्ही घाबरतो आणि आमचा आवाज ऐकून तू आणखी घाबरतेस. (आईचे रडणे तुला ऐकू आले, माझे आले नाही, इतकेच.)

म्हणून यापुढे फोन जेवण झाल्यावर, रात्री नऊला कर. रविवारी सहाच्या आत खोलीबाहेर पड आणि ती नंदुरबारची मुलगी, जिलाही घरी जाता येत नाही, तिच्याबरोबर जेवून ये. सावजीचा रस्सा मात्र बेताने घे. दिवाळीपर्यंत येऊ नकोस. दिवाळीहून परतल्यावरही पहिले चार-पाच दिवस असेच जड जातील, तेव्हा सगळे मुळापासून सुरू झाले असे समजू नकोस.

परंतु दिवसाही कशात मन लागेना, झोप उडाली, ताट तसेच राहू लागले, तास बुडू लागले आणि हे दोन आठवडे चालले, तर त्याला केवळ घरची आठवण म्हणता येणार नाही. मग वॉर्डनना सांग, कॉलेजच्या समुपदेशकांना भेट. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. जगणेच नकोसे वाटले तर मात्र नऊचीही वाट पाहू नकोस. त्या दिवशी मी मिळेल त्या गाडीने निघेन.

आईने पार्सलात आमसुले आणि कुळथाचे पीठ घातले आहे. खोलीत शेगडी चालत नाही, हे तिला सांगून झाले. पीठ मेसच्या मावशींना दे. पिठी कशी करायची ते तिने चिठ्ठीवर लिहिले आहे.

तुझे
बाबा